ते अठरा हजार डिपॉझिट की अ‍ॅडव्हान्स भाडं? घरमालकाला पत्र लिहून कसं विचारायचं

पुण्या-मुंबईत नोकरीसाठी नवीन आलेल्या मुलामुलींचं एक ठरलेलं असतं, फ्लॅट आवडला की एजंट फोनवर सांगतो "तीन डिपॉझिट, एक अ‍ॅडव्हान्स", आपण हो म्हणतो, पैसे ट्रान्सफर करतो आणि चावी घेतो. तो "एक अ‍ॅडव्हान्स" म्हणजे नेमकं काय हे त्या घाईत कुणी विचारतच नाही. पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं, की डिपॉझिटचाच चौथा हिस्सा? घर सोडायची वेळ येते तेव्हा याची तीन वेगवेगळी उत्तरं निघतात आणि घरमालकाला जे सोयीचं तेच तो सांगतो. म्हणून हे लेखी विचारायचं आणि शक्यतो अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधीच विचारायचं. कसं ते एका केसवरून सांगतो.

केस अशी

लातूरहून आलेली एक मुलगी, हिंजवडीत नोकरी, वाकडला वन बीएचके, भाडं महिना 18,000. 25 मे 2025 ला तिने 5,000 टोकन दिलं, 31 मे ला 67,000 पाठवले, म्हणजे घरमालकाला एकूण 72,000. 1 जूनला चावी मिळाली. एजंटची ब्रोकरेज तिने एजंटला वेगळी दिली, ती यात नाही. (हे आधी नक्की तपासा बरं का, ब्रोकरेज पण बरेचदा एका महिन्याच्या भाड्याएवढीच असते त्यामुळे आकडा सेम दिसतो आणि गोंधळ होतो.) 5 जूनला घरमालक काकांचा मेसेज आला की जूनचं भाडं पाठवा, तिने पाठवलं, अजून 18,000. आणि 6 जूनला एजंटने अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, त्यात लिहिलंय डिपॉझिट 54,000, भाडं 18,000, मुदत 1 जून 2025 ते 30 एप्रिल 2026. बस.

72,000 मधून 54,000 गेले की 18,000 उरतात, आणि त्या 18,000 चा ड्राफ्टमध्ये कुठेच उल्लेख नाही.

पहिलं काम: महिने आणि पैसे समोरासमोर मांडा

पत्र लिहायला बसण्याआधी एका कागदावर दोन बाजू करा. डावीकडे प्रत्येक पेमेंट, तारीख आणि रेफरन्स नंबरसकट, तो यूपीआय अ‍ॅपमध्ये किंवा बँक स्टेटमेंटमध्ये असतोच. उजवीकडे ते पेमेंट कशासाठी होतं. टोकन पण लिहा, टोकन म्हणजे काही वेगळी फी नसते, सौदा झाला की ते एकूण रकमेत धरलं जातं, पण धरलंय का हे बघायला लागतं.

या केसमध्ये असं मांडल्यावर एक गोष्ट लगेच दिसली. जूनचं भाडं 5 जूनला वेगळं मागून घेतलं गेलं. म्हणजे ते आधीचे 18,000 पहिल्या महिन्याचं भाडं नव्हते, निदान काकांच्या वागण्यावरून तरी नाही. मग उरतं काय, एकतर ते एप्रिल 2026 चं म्हणजे शेवटच्या महिन्याचं भाडं आहे, नाहीतर डिपॉझिट खरं म्हणजे 72,000 आहे आणि ड्राफ्टमध्ये कमी दाखवलंय. तिसरी शक्यता पण असते, पेंटिंग किंवा सोसायटीचे मूव्ह-इन चार्जेस म्हणून घेतलेली आणि परत न मिळणारी रक्कम, पण तसं बोलणंच झालं नव्हतं.

तुमच्या केसमध्ये जर पहिल्या महिन्याचं भाडं वेगळं मागितलंच नसेल तर बहुतेक विषय तिथेच संपतो, अ‍ॅडव्हान्स म्हणजे पहिलं भाडं. तरी पण एका ओळीत कन्फर्म करून घ्या.

यात फरक काय पडतो ते समजून घ्या, नाहीतर पत्रात चुकीचा प्रश्न जातो

डिपॉझिट म्हणजे तुमचेच पैसे त्यांच्याकडे ठेवलेले. घर सोडताना थकलेलं भाडं, लाईट बिल, मोडतोड हे अ‍ॅग्रीमेंटप्रमाणे त्यातून कापता येतं आणि बाकीचं परत. अ‍ॅडव्हान्स भाडं मात्र कुठल्यातरी एका महिन्याचं भाडं आहे जे आधी दिलंय, तो महिना तुम्ही राहिलात की ते वापरलं गेलं, परत मागायचा प्रश्न नाही. पण त्यातून दुसरं काही कापायचाही प्रश्न नाही! हीच गोष्ट लोक विसरतात. भिंतीला डाग पडला म्हणून शेवटच्या महिन्याच्या अ‍ॅडव्हान्समधून पेंटिंगचे पैसे घेता येत नाहीत, ते घ्यायचे तर डिपॉझिटमधून आणि हिशोब दाखवून.

आणि भांडण नेमकं शेवटच्या महिन्यात होतं. भाडेकरूला वाटतं एप्रिलचं भाडं आधीच दिलंय म्हणून तो देत नाही, घरमालकाला वाटतं भाडं थकवलं, मग तो डिपॉझिटमधून 18,000 कापतो. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असू शकतात कारण सुरुवातीला कुणी काही लिहिलेलंच नसतं. त्यात काकांनी आधी बेंगळुरू किंवा चेन्नईला घर भाड्याने दिलेलं असेल तर आणखी गोंधळ, तिकडे डिपॉझिटलाच सर्रास अ‍ॅडव्हान्स म्हणतात.

म्हणून पत्रात नुसतं "हे डिपॉझिट आहे की अ‍ॅडव्हान्स" एवढंच विचारून भागत नाही. उत्तर येईल "हो अ‍ॅडव्हान्स आहे" आणि तुम्ही होतात तिथेच. त्या पैशाचं पुढे काय होणार ते विचारायचं. परत मिळणार का, मिळणार असेल तर कधी, आणि भाड्यात धरणार असाल तर कुठल्या महिन्याच्या. हे तीन प्रश्न विचारले की नाव काहीही असो, अर्थ पक्का होतो.

कधी विचारायचं

ड्राफ्ट हातात आल्यापासून अंगठा आणि फोटो द्यायच्या आधीपर्यंत, हा सगळ्यात चांगला वेळ. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे या भाड्याच्या अ‍ॅग्रीमेंटचं, ऑनलाईन रजिस्ट्रेशन होतं, एजंट माहिती भरतो, घरी येऊन बायोमेट्रिक घेतो. माहिती भरताना भाडं वेगळं, परत मिळणारं डिपॉझिट वेगळं आणि परत न मिळणारं डिपॉझिट वेगळं असं टाकावं लागतं. सबमिट होण्याआधी हे आकडे बदलायला पाच मिनिटं लागतात. रजिस्टर झाल्यावर बदलायचं म्हणजे दुरुस्तीचा वेगळा दस्त, परत दोघांचं बायोमेट्रिक, परत खर्च, आणि घरमालक त्याला सहसा तयार होत नाही.

"डिपॉझिट जास्त दाखवलं तर स्टॅम्प ड्युटी वाढते" हे कारण तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. मग हिशोबच करून बघा. ड्युटी 0.25 टक्के असते, ती पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. आपल्या केसमध्ये 11 महिन्यांचं भाडं 1,98,000. डिपॉझिट 54,000 धरलं तर 11 महिन्यांचं व्याज 4,950, ड्युटी सुमारे 507 रुपये. डिपॉझिट 72,000 धरलं तर व्याज 6,600 आणि ड्युटी सुमारे 512 रुपये. चार रुपयांचा फरक, राउंडिंगमध्ये तोही जाईल! तेच 18,000 परत न मिळणारी रक्कम म्हणून दाखवले तर पूर्ण रकमेवर 0.25 टक्के, म्हणजे 45 रुपये. पालिका हद्दीतली रजिस्ट्रेशन फी 1,000 रुपये आहे, ती डिपॉझिटवर अवलंबून नसते. त्यामुळे हे कारण कुणी दिलं तर शांतपणे हा हिशोब पाठवा आणि हवं तर वरचे पैसे मीच देते असं सांगा.

रजिस्ट्रेशन होऊन गेलं असेल तरी पत्र लिहाच. पण घर सोडायची नोटीस देताना पहिल्यांदा हा प्रश्न विचारू नका, तेव्हा समोरच्याला वाटतं ही आता पैसे बुडवायला निघाली आणि सरळ उत्तर येत नाही.

पत्र

भाषा साधी आणि आदराची ठेवा. आरोप नको, कायद्याची कलमं पण पहिल्या पत्रात नकोत, कारण बहुतेक घरमालक फसवायला बसलेले नसतात, त्यांनी पण एजंटच्या बोलण्यावरच हो म्हटलेलं असतं आणि एकदम कलम दिसलं की ते बिथरतात. मात्र आकडे आणि तारखा एकूण एक हव्यात. त्या मुलीचं पत्र साधारण असं झालं:

> दि. 7 जून 2025
>
> श्री. (घरमालकांचं नाव) यांस,
>
> विषय: दिलेल्या रकमेपैकी 18,000 रुपये कशासाठी धरले आहेत याबद्दल
>
> आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.
>
> मी 1 जूनपासून तुमच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये राहते आहे. अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट काल मिळाला, तो वाचताना एक गोष्ट स्पष्ट झाली नाही म्हणून विचारते आहे.
>
> मी आतापर्यंत तुम्हाला पुढीलप्रमाणे पैसे दिले आहेत:
> 25 मे: 5,000 (टोकन), रेफरन्स नंबर ……
> 31 मे: 67,000, रेफरन्स नंबर ……
> 5 जून: 18,000 (जूनचं भाडं), रेफरन्स नंबर ……
>
> जूनचं भाडं सोडून 72,000 रुपये होतात. ड्राफ्टमध्ये डिपॉझिट 54,000 लिहिलं आहे. उरलेल्या 18,000 रुपयांचा उल्लेख ड्राफ्टमध्ये नाही. एजंटने फोनवर "तीन डिपॉझिट, एक अ‍ॅडव्हान्स" असं सांगितलं होतं.
>
> कृपया एवढं कळवावं:
> 1. हे 18,000 रुपये डिपॉझिटमध्ये धरले आहेत का? तसं असेल तर एकूण डिपॉझिट 72,000 होईल आणि घर सोडताना ते परत मिळेल, असं मी समजू का?
> 2. की हे एखाद्या महिन्याचं आगाऊ भाडं आहे? असेल तर कोणत्या महिन्याचं?
> 3. आगाऊ भाडं असेल आणि मी तो महिना येण्याआधी नियमाप्रमाणे नोटीस देऊन घर सोडलं, तर ही रक्कम परत मिळेल ना?
>
> तुम्ही जे सांगाल तशी एक ओळ अ‍ॅग्रीमेंटमध्ये टाकायला मी एजंटला सांगते. 10 तारखेला रजिस्ट्रेशन आहे, त्यामुळे 9 तारखेपर्यंत कळवलंत तर बरं होईल.
>
> आपली,
> (नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल नंबर)

बघा, यात कुठेही "मला हेच उत्तर हवंय" असं नाही. तरी पहिल्या प्रश्नात तिने स्वतःची समजूत लिहून ठेवली आहे, म्हणजे काका गप्प राहिले तरी निदान आपण काय समजून चाललो होतो ते त्या तारखेला नोंदलं गेलं. आणि "9 तारखेपर्यंत" ही तारीख महत्त्वाची, तारीख नसली की पत्र पडून राहतं.

तिसरा प्रश्न बरेच जण गाळतात, तो गाळू नका. नोकरी बदलली, बदली झाली, फेब्रुवारीतच घर सोडावं लागलं तर एप्रिलच्या अ‍ॅडव्हान्सचं काय? लॉक-इन, म्हणजे ठरावीक महिने घर सोडायचं नाही अशी अट, असेल तर त्याचे नियम वेगळे, ते ड्राफ्टमध्ये बघून घ्या, पण लॉक-इन संपल्यावर नीट नोटीस देऊन निघालात तर न राहिलेल्या महिन्याचं भाडं ठेवून घ्यायचं काही कारण उरत नाही.

पाठवायचं कसं

व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करून पाठवा, हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो नको, मजकूर नंतर शोधता आला पाहिजे. ईमेल असेल तर त्यावर पण तेच. काका वयस्कर असतील आणि फोन फारसा बघत नसतील तर दोन प्रती काढून भेटायला जा, एक त्यांना द्या आणि दुसरीवर "मिळाली", तारीख आणि सही घ्या. हे मागताना संकोच वाटतो, पण "माझ्या फाईलसाठी हवंय काका" एवढं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. दुसऱ्या गावी राहत असतील तर स्पीड पोस्ट, आणि पावती जपून ठेवा. एजंटला कॉपी पाठवा पण फक्त एजंटला पाठवून थांबू नका, पैसे ज्यांच्या खात्यात गेले त्यांचं उत्तर हवं.

उत्तर आल्यावर

बहुतेक वेळा लेखी उत्तर येतच नाही, फोन येतो. "अगं ते शेवटच्या महिन्याचं धरलंय, काळजी करू नको." छान, फोन ठेवला की लगेच मेसेज करायचा: "काका, आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे 18,000 हे एप्रिल 2026 चं भाडं म्हणून धरले आहेत, एप्रिलमध्ये वेगळं भाडं द्यायचं नाही आणि डिपॉझिट 54,000 आहे, असं मी समजते. काही चुकलं असेल तर सांगा." त्यावर नुसता ओके आला, अंगठा आला तरी तो तुमच्याकडे राहतो.

मग ती गोष्ट ड्राफ्टमध्ये गेली पाहिजे. शेवटच्या महिन्याचं असेल तर ओळ साधारण अशी: "परवानाधारकाने दि. 31/05/2025 रोजी दिलेल्या रकमेपैकी रु. 18,000/- हे एप्रिल 2026 या महिन्याचे आगाऊ भाडे म्हणून जमा धरण्यात आले असून त्या महिन्याचे वेगळे भाडे देय राहणार नाही. त्यापूर्वी करार संपुष्टात आल्यास सदर रक्कम डिपॉझिटसोबत परत करण्यात येईल." डिपॉझिट असेल तर वेगळी ओळ लागत नाही, 54,000 च्या जागी 72,000 करायचं, पण कलमात आणि ऑनलाईन भरलेल्या माहितीत दोन्हीकडे बदललंय का ते स्वतः बघा, एका ठिकाणी बदलून दुसरीकडे तसंच राहणं फार वेळा होतं.

अकरा महिन्यांनी रिन्यू करणार असाल तर आणखी एक गाठ बसते. भाडं 10 टक्के वाढून 19,800 झालं आणि शेवटच्या महिन्याचा अ‍ॅडव्हान्स पुढे ढकलला, तर तो 18,000 चाच आहे, वरचे 1,800 शेवटी द्यायचे का? द्यायचे असतील तर द्या, पण नवीन अ‍ॅग्रीमेंटमध्ये तसं लिहून घ्या. नाहीतर सरळ पहिल्या मुदतीतलं एप्रिलचं भाडं त्यातून वळतं करून टाका आणि नव्या मुदतीत अ‍ॅडव्हान्स नकोच म्हणा, ते सगळ्यात स्वच्छ.

काका म्हणाले "ते जूनचं भाडं होतं" तर मग 5 जूनला दिलेले 18,000 जुलैचे झाले, तेही लिहून घ्या. आणि म्हणाले की "ते परत मिळत नसतं, सगळेच घेतात", तर कशासाठी घेतले आणि त्याची पावती मिळेल का एवढंच विचारा. रजिस्ट्रेशन अजून झालेलं नसतं तेव्हा इथे थांबायला वाव असतो, अशी रक्कम मान्य नसेल तर अंगठा द्यायच्या आधीच तसं सांगा.

टॅक्सचं थोडं

ऑफिसात एचआरए क्लेम करता तेव्हा भाड्याची पावती चालते, डिपॉझिटची नाही. म्हणजे ते 18,000 भाडं असतील तर त्या महिन्याच्या नावाने भाडेपावती घ्या, डिपॉझिट असतील तर ते क्लेममध्ये धरू नका. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की ऑफिस घरमालकाचा पॅन मागतं, तो पण याच वेळी मागून घेतलेला बरा.

उत्तर आलंच नाही तर

तारीख उलटली की आधीच्या पत्राचा हवाला देऊन एक छोटा स्मरण मेसेज, आणि रजिस्ट्रेशन दोन दिवस पुढे ढकलायला एजंटला सांगा. इथे कायदा तुमच्या बाजूचा आहे हे माहीत असू द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे अ‍ॅग्रीमेंट लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि रजिस्टर केलेलं अ‍ॅग्रीमेंट नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. पण हे धमकीसारखं वापरू नका, त्याच घरात वर्षभर राहायचंय. दुसऱ्या मेसेजमध्ये एवढं पुरतं की "ती ओळ टाकल्याशिवाय मला रजिस्ट्रेशन करता येणार नाही".

आणि रजिस्ट्रेशन होऊन गेलं, पत्राला उत्तर नाही, आता घर सोडायची वेळ आलीय, तर शेवटचं भाडं परस्पर बंद करू नका. एप्रिलचं भाडं त्या 18,000 मधून धरावं असं नोटिशीतच लिहा, जुन्या पत्राची कॉपी जोडा आणि उत्तर मागा. ते नाही म्हणाले तर भाडं भरा, "हरकत नोंदवून भरत आहे" असा मेसेज करा आणि मग डिपॉझिट म्हणून पूर्ण 72,000 परत मागा. भाडं थकलेलंच नसल्यामुळे त्यांच्याकडे कापायला कारण राहत नाही, आणि गोष्ट वकिलाच्या नोटिशीपर्यंत गेली तरी तुमच्याकडे तारखेवार पेमेंट, 7 जूनचं पत्र आणि पूर्ण भरलेलं भाडं असं सगळं असतं.